जन्मतारीख १ असेल तर निवृत्ती आदल्या महिन्यात: तारीख कशी काढायची, कुठे चुकते

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ३१ मेच्या दुपारी सरकारी कार्यालयांच्या रस्त्याने जा. एकीकडे हार-नारळ, दुसरीकडे शाल, तिसरीकडे सत्कारासाठी उभी केलेली जीप. दरवर्षी याच दिवशी इतके लोक एकदम निवृत्त होतात याला कारण आहे. आमच्या पिढीत मूल सहा वर्षांचं झालं की बाप त्याला शाळेत घेऊन जायचा, गुरुजी विचारायचे, "पोरगं कधीचं?", बाप सांगायचा, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचं", आणि गुरुजी दाखलखारिज रजिस्टरात लिहायचे, १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, वय भरलेलं दिसायचं, काम झालं. माझंही तसंच आहे. आई सांगते त्या हिशेबाने मी श्रावणातला, कागदावर मात्र १ जून १९६६.

ती १ तारीख पुढे अठ्ठावन्न वर्षांनी काय करते हे मला नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत कळलं. कार्यालयाने काढलेल्या निवृत्तांच्या यादीत माझ्या नावापुढे ३० जून २०२४ होतं. मीही तेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात मी ३१ मे २०२४ ला निवृत्त झालो. मधला एक महिना कुठे गेला, तो कसा मोजायचा आणि त्या एका महिन्यामुळे पुढचे कोणकोणते कागद बिघडतात, ते इथे क्रमाने सांगतो. राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना समोर ठेवून लिहितोय. टपाल, रेल्वे अशा केंद्राच्या नोकरीत असाल तर वय वेगळं, पण १ तारखेचा नियम हाच आहे.

## १. आधी सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडा

निवृत्तीसाठी एकच जन्मतारीख चालते, ती सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरची. आधार कार्डावर काय आहे, पॅन कार्डावर काय आहे, पत्रिकेत काय आहे, याला इथे काही अर्थ नाही. आस्थापना शाखेत जा, सेवापुस्तक मागा आणि स्वतःच्या डोळ्यांनी तीन गोष्टी बघा. तारीख अंकांत आहे तशीच अक्षरांतही लिहिली आहे का. तिच्यावर खाडाखोड आहे का, असेल तर शेजारी अधिकाऱ्याची सही-शिक्का आहे का. आणि ती तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी किंवा दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळते का.

अंक आणि अक्षरं दोन्ही बघा असं मुद्दाम सांगतोय. जुन्या सेवापुस्तकात निळ्या शाईने लिहिलेला १ आणि ७ सारखेच दिसतात. "एक जून" आणि "सात जून" यांत एका पूर्ण महिन्याचा फरक पडतो, तो कसा ते पुढे येईलच.

आणखी एक प्रकार शिपाई, चौकीदार, कालव्यावरचे मजूर अशा लोकांत सापडतो. शाळेत गेलेलेच नाहीत, म्हणून दाखला नाही. अशा वेळी नियम असा आहे की जन्माचं फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै धरायची, आणि वर्ष व महिना दोन्ही माहीत असतील तर त्या महिन्याची १६ तारीख धरायची. म्हणजे नुसतं वर्ष सांगून लागलेला माणूस आपोआप १ तारखेवाला होतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आपली जन्मतारीख १ जुलै लागली आहे हेच माहीत नसतं. तुमच्या कार्यालयात असं कोणी असेल तर त्याला पान उघडून दाखवा.

सापळा: खरी तारीख वेगळी आहे म्हणून आता बदलून घेऊ, असं पुष्कळ जण शेवटच्या वर्षी म्हणतात. त्याचा उपयोग होत नाही. १६ ऑगस्ट १९८१ नंतर नोकरीला लागलेल्यांसाठी जन्मतारखेची नोंद बदलण्याचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आतच करायचा असतो. एखाद्याने नेमणुकीच्या वेळी दाखल्यावरून नक्कल करताना कारकुनाची चूक झाल्याचं दाखवलं तर गोष्ट निराळी. नुकतेच नोकरीला लागला असाल आणि तुमच्याकडे जन्म-मृत्यू नोंदवहीचा अस्सल उतारा असेल, तर मात्र हा अर्ज आजच करा. पाच वर्षं बघता बघता जातात.

## २. तुमचं वय ५८ की ६०, हे ठरवा

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२ मधला नियम १० हा या सगळ्याचा पाया आहे. गट अ, ब आणि क मधल्या बहुतेक पदांना ५८ वर्षं, गट ड ला म्हणजे पूर्वीच्या चतुर्थश्रेणीला ६० वर्षं. काही संवर्गांना वेगळं वय ठरवून दिलेलं आहे, त्यांनी आपापला आदेश बघावा. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना ६०.

गट ड मधून बढती मिळून कारकून झालेल्यांनी इथे थांबून विचार करावा. बढतीनंतर तुम्ही गट क चे झालात, म्हणजे वय ५८. मनात अजून ६० चा हिशेब असेल तर तो दोन वर्षांनी चुकलेला आहे.

## ३. आता तारीख काढा

नियमाचा साधा भाग असा, की ज्या महिन्यात तुमचं वय भरतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्होत्तर तुम्ही निवृत्त होता. १२ जूनला जन्मलेला माणूस १२ जूनला घरी जात नाही, ३० जूनपर्यंत काम करतो, पगार पूर्ण महिन्याचा घेतो.

मग १ जूनवाल्याने ३० जूनपर्यंत का थांबायचं नाही? वाढदिवस तर जूनमध्येच आहे. माझाही हाच प्रश्न होता. आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेले एक जुने अव्वल कारकून परभणीला बसस्टँडवर भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आहो, सालगडी पाडव्याला ठेवता नं तुम्ही? मंग त्याचं साल कधी भरतं? पुढच्या पाडव्याला का?"

मी म्हटलं, "नाही, पाडव्याच्या आदल्या दिवशी. पाडव्याला तर नवं साल लागतं."

"झालं तर मंग. तुमचं बी तसंच हाय. एक तारखेचा माणूस आदल्या म्हैन्यातच भरतो."

याहून सोपं स्पष्टीकरण मला आजवर कोणत्या परिपत्रकात सापडलं नाही. १ जून १९६८ ला जन्मलेल्या माणसाचं आयुष्याचं पहिलं वर्ष १ जूनला सुरू झालं आणि ३१ मे १९६९ च्या मध्यरात्री संपलं. १ जून १९६९ हा त्याच्या दुसऱ्या वर्षाचा पहिला दिवस. त्याच हिशेबाने अठ्ठावन्नावं वर्ष ३१ मे २०२६ ला संपतं. वय भरलं तो दिवस मे महिन्यातला, म्हणून शेवटचा महिना मे. नियम १० मध्ये हे वेगळं लिहूनही ठेवलं आहे: जन्मदिनांक महिन्याची १ तारीख असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मध्यान्होत्तर निवृत्ती.

हे फक्त शासनाचं म्हणणं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये प्रभू दयाल सेस्मा विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात वय मोजण्याची हीच पद्धत मान्य केली. तिथे प्रश्न भरतीच्या कमाल वयाचा होता. उमेदवाराचा जन्म २ जानेवारीचा, वय १ जानेवारीला २८ भरलेलं नसावं अशी अट. न्यायालयाने सांगितलं की जन्मदिवस हा पूर्ण दिवस म्हणून मोजायचा, त्यामुळे २८ वर्षं १ जानेवारीलाच भरली. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वय पूर्ण होतं हे तत्त्व तिथून पक्कं झालं. म्हणून "कोर्टात जाऊन एक महिना मिळवू" असं कोणी सांगत असेल तर त्या खर्चात पडू नका.

आता स्वतःची तारीख काढा. जन्मवर्षात ५८ (किंवा ६०) मिळवा. जन्मतारीख १ नसेल तर त्याच महिन्याचा शेवटचा दिवस. जन्मतारीख १ असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. काही उदाहरणं मांडतो, कारण चुका नेहमी याच ठिकाणी होतात.

- जन्म १ जून १९६८, गट क: निवृत्ती ३१ मे २०२६.
- जन्म २ जून १९६८, गट क: निवृत्ती ३० जून २०२६. एका दिवसाने लहान, पण नोकरी एक महिना जास्त.
- जन्म १ जुलै १९६६, गट ड: निवृत्ती ३० जून २०२६.
- जन्म १ जानेवारी १९६९, गट क: निवृत्ती ३१ डिसेंबर २०२६. इथे वर्षही मागे जातं. १९६९ मध्ये ५८ मिळवून २०२७ येतात, म्हणून लोक २०२७ च्या यादीत नाव शोधत बसतात. ते नाव २०२६ च्या यादीत असतं.
- जन्म १ मार्च १९७०, गट क: निवृत्ती २९ फेब्रुवारी २०२८, कारण २०२८ हे लीप वर्ष आहे.

काढलेली तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद सेवापुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर घरी ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर हीच तारीख ताडून बघायची आहे.

## ४. त्या एका महिन्याने पैशांत काय फरक पडतो

एका महिन्याचा पगार जातो, हे तर दिसतंच. पण १ जूनवाल्यांसाठी त्याहून मोठी गोष्ट वेतनवाढीची आहे, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही.

बहुतेकांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला मिळते. ३० जूनला निवृत्त होणारा माणूस वर्षभर काम करून वाढीच्या आदल्या दिवशी घरी जायचा आणि वाढ हुकायची. याविरुद्ध देशभर खटले झाले. ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात निकाल दिला की वर्षभराच्या सेवेने कमावलेली वाढ केवळ दुसऱ्या दिवशी नोकरीत नाही म्हणून नाकारता येत नाही. त्यानंतर आपल्या राज्य शासनानेही ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांसाठी काल्पनिक वेतनवाढीचा निर्णय काढला. काल्पनिक म्हणजे ती वाढ पगार म्हणून हातात पडत नाही, निवृत्तिवेतनाची आकारणी करताना धरली जाते.

आता वरची उदाहरणं पुन्हा बघा. १ जुलैवाला ३० जूनला निवृत्त होतो, त्याला ही काल्पनिक वाढ मिळते. २ जूनवालाही ३० जूनलाच निवृत्त होतो, त्यालाही मिळते. १ जूनवाला ३१ मेला निवृत्त होतो. मागच्या १ जुलैपासून त्याचे अकराच महिने भरले, बारावा भरलाच नाही, म्हणून त्याला ही वाढ मिळत नाही.

हिशेबापुरता मूळ पगार ६०,००० धरू. तीन टक्के वाढ म्हणजे १,८००. निवृत्तिवेतन पगाराच्या निम्मं, म्हणजे महिन्याला ९०० रुपये आणि त्यावरची महागाई, आयुष्यभर. गुरुजींनी रजिस्टरात १ ऐवजी २ लिहिलं असतं तर मिळालं असतं, एवढंच. ऐकून वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण आता त्यात बदल होत नाही हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे मुलीच्या लग्नाचं किंवा बोअरच्या कर्जाचं गणित चुकीच्या आकड्यावर मांडलं जात नाही.

१ जुलैवाल्यांनी मात्र उलट बाजूने दक्ष राहा. तुमचं प्रकरण तयार होताना काल्पनिक वेतनवाढ धरली आहे का, हे स्वतः विचारा. ती न धरता प्रकरण पुढे गेलं तर नंतर सुधारित आकारणीसाठी पुन्हा सगळा फेरा होतो.

रजेच्या रोखीकरणातही एक छोटी चूक होते. अर्जित रजा दर १ जानेवारीला आणि १ जुलैला १५ दिवस आगाऊ जमा होते. पण त्या सहामाहीत तुम्ही निवृत्त होणार असाल तर पूर्ण महिन्याला अडीच दिवस याप्रमाणेच जमा करायची असते. ३१ मेला जाणाऱ्याचे जानेवारी ते मे असे पाच महिने, म्हणजे साडेबारा दिवस. लेखाशाखेने सवयीने १५ लावले तर नंतर आक्षेप येतो. ज्यांची शिल्लक आधीच ३०० दिवसांच्या मर्यादेला टेकली आहे त्यांना याने काही फरक पडत नाही.

## ५. कार्यालयाच्या यादीत आणि संगणकात दोन्हीकडे तारीख तपासा

पुढच्या दोन-अडीच वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी कार्यालय १ जानेवारीला आणि १ जुलैला तयार करतं. ही यादी बघायला मागा. यादी करणारा कर्मचारी बऱ्याचदा नवा असतो, तो जन्मवर्षात ५८ मिळवतो आणि महिना तोच ठेवून शेवटची तारीख टाकतो. माझ्या नावापुढे ३० जून तसंच आलं होतं.

चूक दिसली तर तोंडी सांगून सोडू नका. साधा अर्ज द्या: माझा जन्मदिनांक अमुक, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची छायांकित प्रत सोबत, नियम १० प्रमाणे निवृत्तीचा दिनांक तमुक येतो, यादीत दुरुस्ती व्हावी. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

मी अर्ज दिला, यादी दुरुस्त झाली आणि मी निश्चिंत झालो. ती माझी मोठी चूक होती. मार्च २०२४ मध्ये वेतन देयकाच्या कामासाठी सेवार्थ प्रणालीतली माझी माहिती उघडली तर तिथे निवृत्तीचा दिनांक अजून ३० जूनच दिसत होता. कागद दुरुस्त झाला, संगणक तसाच राहिला. शिक्षकांनी हीच गोष्ट शालार्थमध्ये तपासावी. तिथे तारीख चुकीची असेल तर पुढच्या महिन्याचं देयकही तुमच्या नावाने निघतं, आणि मग खरी अडचण सुरू होते.

सापळा: जादा झालेली नोकरी. आमच्या ओळखीचे एक शिपाई, जन्म १ तारखेचा, यादीतल्या चुकीमुळे पुढचा महिनाभर कामावर येत राहिले. हजेरीपटावर सह्या केल्या, पगारही घेतला. निवृत्तिवेतनाचं प्रकरण तपासताना चूक उघड झाली. तो महिना सेवेत धरला गेला नाही, आणि घेतलेला पगार जादा प्रदान म्हणून उपदानातून वळता झाला. त्यांनी खरोखर काम केलं होतं, उन्हात चकरा मारल्या होत्या. पण निवृत्ती नियमाने ठरलेल्या दिवशी आपोआप होते. आदेश निघाला नाही, कोणी सांगितलं नाही, म्हणून ती पुढे जात नाही.

## ६. कागदपत्रं आणि उलटी मोजणी

निवृत्तीचं प्रकरण कार्यालयाने सहा महिने आधी पुढे पाठवायचं असतं. मराठवाड्यातल्या राज्य शासकीय कर्मचाऱ्यांची प्रकरणं नागपूरच्या महालेखापालांकडे जातात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांची जिल्हा परिषदेतच, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडून निघतात.

३१ मे २०२६ वरून उलटं मोजा. सहा महिने मागे म्हणजे नोव्हेंबर २०२५ अखेर. मनात ३० जून असेल तर तुम्ही डिसेंबर अखेर धरून बसता, तिथेच एक महिना उशीर. त्याआधी सेवापुस्तक छत्रपती संभाजीनगरच्या वेतन पडताळणी पथकाकडे जाऊन आलेलं असलं पाहिजे, आणि तिथे आक्षेप निघाला तर तो दूर करायला वेळ लागतो. म्हणून मी तर म्हणेन, पडताळणीचं काम दीड-दोन वर्षं आधीच उरका.

हे जवळ हवं:

- सेवापुस्तक, वार्षिक सेवा पडताळणीच्या नोंदींसह, आणि पहिल्या पानाच्या दोन-तीन प्रती
- शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र
- पती-पत्नीचा एकत्र फोटो, नमुना सह्या आणि ओळखचिन्हांचा तपशील
- कुटुंबाची माहिती आणि नामनिर्देशन (जुनं नामनिर्देशन लग्नाआधीचं असेल तर ते आधी बदला)
- ना-देय आणि ना-चौकशी प्रमाणपत्र
- शासकीय निवासस्थानात राहिला असाल तर त्याची थकबाकी नसल्याचा दाखला
- निवृत्तिवेतन जिथे जमा व्हायचं त्या बँक खात्याच्या पासबुकाची प्रत, आधार आणि पॅन

या सगळ्यात ज्या ज्या ठिकाणी "सेवानिवृत्तीचा दिनांक" असा रकाना आहे तिथे स्वतः बोट ठेवून वाचा. एका कागदावर ३१ मे आणि दुसऱ्यावर ३० जून असलं की प्रकरण परत येतं, मग बाकी सगळं कितीही नीट असो. माझ्या प्रकरणात ना-देय प्रमाणपत्रावर जुनी तारीख राहून गेली होती. ती निघाली म्हणून बरं, नाहीतर नागपूरहून परत आल्यावरच कळलं असतं.

आणखी एक जोडी जुळवा: सेवेचा शेवटचा दिवस आणि निवृत्तिवेतन सुरू होण्याचा दिवस. ३१ मेला निवृत्ती असेल तर मेचा पूर्ण पगार मिळतो आणि निवृत्तिवेतन १ जूनपासून सुरू होतं. मध्ये एकही दिवस सुटायला नको आणि एकही दिवस दोनदा यायला नको.

(१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची निवृत्तिवेतनाची योजना वेगळी आहे, त्यामुळे वरची काही कागदपत्रं बदलतील. तारीख काढण्याची रीत तीच.)

## ७. शेवटचा दिवस आणि पदभार

३१ मे २०२६ ला रविवार आहे. निवृत्ती म्हणून सोमवारी ढकलली जात नाही आणि शुक्रवारी ओढलीही जात नाही, ती रविवारीच मध्यान्होत्तर होते. राज्याच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, २९ मे. कपाटाच्या चाव्या, नोंदवह्या, जडवस्तूंची यादी, प्रलंबित प्रकरणांची यादी हे सगळं त्या दिवशी हातावेगळं व्हायला हवं. कार्यमुक्तीच्या आदेशात मात्र ३१ मे २०२६ म.नं. असंच लिहिलेलं असलं पाहिजे. कोणी शुक्रवारच्या तारखेने आदेश टाइप केला तर तिथेच थांबवा आणि दुरुस्त करून घ्या.

शिक्षक आणि विशेषतः मुख्याध्यापकांची गोष्ट निराळी. १ जूनवाले सर्वांत जास्त याच खात्यात आहेत आणि ३१ मे येतो भर उन्हाळी सुट्टीत. १ मेला ध्वजवंदन आणि निकाल झाला की शाळा बंद, ती उघडते थेट जूनच्या मध्यावर. म्हणजे मुख्याध्यापक निवृत्त होतात तेव्हा शाळेला कुलूप असतं, पदभार घेणारे सहशिक्षक गावी गेलेले असतात, आणि शालेय पोषण आहाराचा तांदूळ कोठीत पडलेला असतो.

माझे एक मित्र हिंगोली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून असेच ३१ मेला निवृत्त झाले. त्यांनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच सगळं मांडून घेतलं. दाखलखारिज रजिस्टराची पानं मोजून शेवटच्या पानावर संख्या लिहिली. तांदळाची पोती पंचांसमोर मोजली, साठा नोंदवहीत शिल्लक लिहून सह्या घेतल्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्याचा सही बदलाचा ठराव आधीच करून ठेवला. १ मेच्या ध्वजवंदनानंतर सगळे शिक्षक हजर होते तेव्हाच पदभाराच्या यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. ३१ मेच्या तारखेचं अंतिम पत्र तेवढं बाकी ठेवलं. त्यांचं ना-देय प्रमाणपत्र लगेच निघालं. त्यांच्याच केंद्रातल्या दुसऱ्या मुख्याध्यापकांना दोन पोत्यांचा फरक सोडवायला दिवाळीपर्यंत खेपा घालाव्या लागल्या, कारण साठा मोजला तेव्हा ते निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मधल्या काळात कोठीची चावी कोणाकडे होती हे कोणालाच सांगता येईना.

माझा शेवटचा दिवस, ३१ मे २०२४, शुक्रवारी आला होता. दुपारी सत्कार आटोपला, चाव्या दिल्या, आणि संध्याकाळी सेवार्थमध्ये माझ्या नावापुढची तारीख शेवटची एकदा उघडून बघितली. ३१/०५/२०२४ होती.